तोरणाचा मान

बोरखेडीच्या रामराव पाटलांच्या घराण्यात अक्कल पिढ्यान्पिढ्या कमीजास्त होत आली. मान मात्र कधी कमी झाला नाही. पोळ्याच्या दिवशी आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली गावचे सगळे बैल उभे राहत. तोरण तोडायचं ते पाटलाच्याच जोडीनं. एका साली म्हणे पाटलाचा धवळ्या तापानं आडवा पडला होता. त्याला चौघांनी बाजेवर घालून तोरणाखाली नेलं, वर उचलून त्याचं शिंग तोरणाला लावलं आणि मग पोळा फुटला. बाजेवरून उतरल्यावर त्या बैलानं महिनाभर बाकीच्या बैलांशी बोलणं टाकलं होतं, असंही सांगणारे आहेत. बैलाचं सोडून द्या. पण गाव असं होतं, एवढं ध्यानात ठेवलं की पुढचं सगळं समजतं.

त्या साली वाशीमला सरकारनं शेतीचं प्रदर्शन भरवलं. लोखंडी नांगर, सुधारलेली कपाशी, विलायती कोंबड्या, आणि शेवटच्या दिवशी दांडीची शर्यत. दवंडीवाला गावोगाव सांगत फिरला : एका गावचे चार गडी. प्रत्येकानं मैदानाला एक फेरी मारायची, हातातली बांबूची दांडी पुढच्याला द्यायची. चौथा जो आधी दोन खांबांमधलं सूत तोडील त्याचं गाव जिंकलं. आणि जिंकलेल्या चौघांतला एक गडी पोलीस कप्तानसाहेब स्वतः निवडून जिल्ह्याच्या पोलिसात घेणार.

हे शेवटचं वाक्य जगदेव माळ्याच्या कानात शिरलं आणि तिथंच बिऱ्हाड करून बसलं.

जगदेवचा मळा पाटलाच्या जमिनीत होता. वांगी, मेथी, मिरची, सगळं पिकायचं. पण मळ्यातला पहिला तोडा पाटलाच्या घरी वानोळा म्हणून जायचा, आणि पाटलाच्या घरी वानोळ्याला वर्षातून एकच पहिला तोडा असतो हे कोणी मानत नव्हतं. जगदेवची बायको पंचफुला टोपली घेऊन मागच्या दारी उभी राहायची. पाटलीणबाई पूजेत असल्या तर तासभर उभी राहायची.

"एक डाव मले पुढच्या दारानं कोणाच्या तरी घरी जायचं हाये," ती एकदा म्हणाली होती. "वांगे न घेता."

"पोलिसाची बायको झाली त् जाशील," जगदेव म्हणाला. "लाल पगडी पाहून लोक सोताच दार उघडतात."

"पळता येते तुले तेवढं?"

जगदेवला पळता येत होतं. किती, ते गावात ज्याच्या त्याच्या तोंडी निराळं होतं. कोणी म्हणे, तो रिठदच्या बाजाराला निघाला की त्याची सावली अर्ध्या वाटेत बाभळीखाली बसून राही आणि परतताना त्याच्यासोबत घरी येई. खरं एवढंच, की पहाटेपासून मोट हाकून झाल्यावरही तो चढाची वाट पळत जात असे, आणि वर पोचल्यावर बोलू शकत असे.

गावचे चार गडी निवडले गुलाबराव वस्तादांनी. वस्ताद जुने पैलवान. तालीम त्यांची, जागा पाटलाची. त्यांनी ओढ्याकाठच्या माळावर चुन्यानं गोल आखला आणि पोरांना पळवून पळवून पाहिलं. इंद्रभान सुटायला चपळ. इशारा व्हायच्या आत त्याचा पाय पुढे असे. कोंडू तेली एका चालीत घाण्याच्या बैलासारखा पळे, ना जास्त ना कमी. जगदेव सगळ्यांत तेज. आणि चौथा पाटलाचा मुलगा रंगराव. तो संघात असणार हे वस्तादांनी निवडायच्या आधीच ठरलेलं होतं.

रंगराव काही वाईट पळत नव्हता, हेच त्याचं दुर्दैव. शेवटच्या टप्प्यात त्याच्या पायांत वारं भरायचं. पण मन सशाचं. एकदा माळावर वस्तादांनी त्याला पुढं सोडलं आणि कोंडूला मागून धाडलं. मागं पावलं वाजायला लागली तसा रंगराव मान वळवू लागला, खांदे वर चढले, श्वास गळ्यात आला. कोंडू त्याच्या बाजूनं निघून गेला तेव्हा तो जवळजवळ उभाच होता. दुसऱ्या दिवशी वस्तादांनी उलटं केलं. कोंडू पुढं, रंगराव मागं. तर या पठ्ठ्यानं कोंडूच्या पाठीवर डोळे लावले आणि शेवटी असा सुटला की कोंडूनं तोंडात बोट घातलं.

"पाठ दिसली की पळतो, पाठीवर आलं की गळतो," वस्ताद जगदेवला म्हणाले. "याले दुसरा ठेवायचा. इंद्रभान पहिला, गर्दीतून निघून येईल. रंगराव दुसरा, समोर कोणाची ना कोणाची पाठ राहीलच. कोंडू तिसरा, जे हाय ते सांभाळील. शेवटी तू. मागं असला त् भरून काढशील, पुढं असला त् भेशील नाई."

"पण वस्ताद, चौघांच्या फेऱ्या त् तेवढ्याच. कसेबी लावा, बेरीज एकच."

"बेरीज एक असती गड्या, तर शर्यत घरी बसून वहीवर लावली असती. माणूस पुढं कोण हाये, मागं कोण हाये ते पाहून पळते."

दुसरी गोष्ट वस्तादांनी शिकवली ती थकल्या पायांची. सकाळी गावागावांची छाटणी, दुपारी शेवटची शर्यत. म्हणजे एकाच दिवसात दोनदा जीव तोडून पळायचं. म्हणून पोरांना एक फेरी जोरात, मग वस्तादांची चिलीम ओढून होईपर्यंत थांबणं, मग दुसरी फेरी. थांबायचं म्हणजे बसायचं नाही. हळूहळू चालत राहायचं, पाणी घोटभर, पोटभर नाही, तोंडात गुळाचा खडा. दुसऱ्या फेरीला मांड्या दगड झाल्या की लांब ढांगा टाकायच्या नाहीत.

"पाऊल आखूड टाक, हात हालव," वस्ताद ओरडत. "हाताच्या मागं पाय सोताच येते. अन् सुरुवातीलेच उडू नको. थकल्या पायाजवळ एकच डाव जोर असते, तो शेवटासाठी ठेव."

जगदेव मोटेवरून उतरून थेट माळावर येई आणि दोन्ही फेऱ्या पळे. रंगराव पहिली फेरी पळे. दुसरीच्या वेळेला घरून गडी निरोप घेऊन येई, की मालकाला जेवायला बोलावलंय.

प्रदर्शनाच्या दिवशी वाशीमच्या मैदानावर एवढी माणसं जमली की विलायती कोंबड्यांनी भिऊन अंडी देणं बंद केलं आणि देशी कोंबड्यांनी त्यांच्या वाटची दिली. सकाळी छाटणी झाली. वस्तादांचा क्रम बिनचूक चालला. रंगरावनं रिठदच्या गड्याची पाठ धरली आणि त्याला गाठलं. कोंडूनं सांभाळलं. जगदेव शेवटी आरामात आला, छातीनं सूत तोडलं. पाय राखून पळला होता. सगळा जोर त्यानं खर्चलाच नव्हता.

मांडवात मानाच्या खुर्चीवर रामराव पाटील बसले होते. सूत तुटलं तसे ते उठले. धोतराचा सोगा हातात धरून मैदानात आले, ते थेट वस्तादांसमोर.

"गुलाबराव, हे काय चाललं?"

"जिंकलो, पाटील. दुपारी मंगरुळाकडच्या तांड्याच्या पोरांसंगं शेवटची."

"ते दिसून राह्यलं मले. तोरण कोणी तोडलं?"

"तोरण नाई पाटील, सूत हाय ते. जो शेवटी येते तो..."

"दोन खांब, मधात बांधलेलं, अन् पहिला येईन त्यानं तोडायचं. त्याले तोरण नाई त् काय म्हणतेत? बोरखेडीचं तोरण माळ्यानं तोडलं! सगळा तालुका पाहून राह्यला. दुपारी रंगराव तोडील."

वस्तादांनी समजावून पाहिलं. शेवटी आला तर रंगरावच्या मागं गडी लागेल, हेही सांगितलं; फक्त भेतो हा शब्द गिळला. पाटलांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तालमीचं छप्पर अवंदा शाकारायचं होतं ना?"

छप्पर कोणाच्या जागेवर आहे हे त्यांनी सांगितलं नाही. मोठ्या माणसांना अर्धंच बोलावं लागतं.

पाटील गेल्यावर वस्ताद बराच वेळ जमिनीवर काडीनं गोल काढत बसले. मग जगदेवला त्यांनी कोंबड्यांच्या पिंजऱ्यामागं नेलं.

"ऐक. तांड्याचा शेवटचा गडी धरमसिंग. पाह्यला ना, तो लंबा? त्यानं मंघाच एकट्याची लांब शर्यतबी मारली. त्याचे पाय आपल्याहून जास्त थकले हायेत. पण तो पुढं असला की धीर धरत नाई. दांडी हातात आली की उडते, अन् शेवटच्या टप्प्यात त्याचा दम सुटते. सकाळी पाह्यलं मी."

"मंग?"

"मंग रंगराव पुढं नको. कोंडू दुसरा, तू तिसरा. तू त्याले भरपूर पुढं आणून दिलं, तर धरमसिंग मागून दबा धरून येईल, अन् आपला सिंह मान वळवून वळवून उभा राहील. तू दांडी दोन हात मागं आणून दे. त्यायचा तिसरा गडी लालसिंग तुह्या पुढं असला पायजे. धरमसिंग उडेल, जळेल. रंगरावले पाठ दिसेल. शेवटी तो निघून जाईल."

पिंजऱ्यातली एक कोंबडी त्याच्याकडे एका डोळ्यानं पाहत होती.

"म्हणजे मी मुद्दाम मागं राहू? कप्तानसाहेबासमोर?"

"जिंकलो नाई त् साहेब कोणालेच घेत नाई. जिंकलो त् मी सोता साहेबाले सांगतो, का हा गडी काय होता. वस्तादाचा शबद हाय, जगदेवा."

"देवाची आण?"

"तालमीच्या मारुतीची."

दुपारी ऊन मांडवाच्या झालरीवरून खाली उतरलं तशी शेवटची शर्यत सुटली. इंद्रभान आणि तांड्याचा पहिला गडी खांद्याला खांदा लावून आले. कोंडूच्या पोटऱ्या आवळल्या होत्या. तो आपल्या चालीनंच आला, पण चार पावलं मागं पडला. जगदेवच्या हातात दांडी आली तेव्हा लालसिंग पुढं निघाला होता.

वस्तादांनी सांगितलं होतं, त्याच्या मागं बसून राहा. जगदेव बसला. अर्धी फेरी बसला. पाऊल आखूड, हात हालता. मांड्यांत सकाळची फेरी होती, पण महिनाभराची मोटही होती, आणि तिच्यापुढं ही फेरी म्हणजे मेथीची जुडी. समोर लालसिंगचे खांदे डोलायला लागले होते. त्याचा दम जगदेवला ऐकू येत होता. आणि मग मांडव आला.

मांडवात कप्तानसाहेब पुढं वाकून पाहत होते.

पाय जगदेवला विचारून गेले नाहीत. तो लालसिंगच्या बाजूनं असा निघाला की मैदानातली माणसं एका श्वासात उभी राहिली. साहेबही उभे राहिले. जगदेवनं ते डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. सांगतात की त्या वेळी त्याच्या पायांखाली धूळ उडलीच नाही, कारण धुळीला बातमी पोचायच्या आत पाय पुढच्या धुळीवर गेलेला असे. चार पावलं पुढं, सहा पावलं पुढं. पंचफुला पुढच्या दारात उभी आहे, हातात काही नाही, असं त्याला दिसलं.

मग वळण आलं, आणि वळणापलीकडे रंगराव दिसला. दांडी घ्यायला हात पुढं केलेला, तोंड पांढरं फटक, आणि डोळे जगदेवकडे नव्हतेच. शेजारी उभ्या धरमसिंगकडे होते.

जगदेवला कळलं. दांडी अशी पुढं आणून दिली, तर हा गडी सूत पाहणारच नाही. मान वळवून मागंच पाहील. आणि धरमसिंग, जो पुढं असता तर उडून जळला असता, तो मागं राहून शहाण्यासारखा पळेल. आज जगदेव चमकेल आणि बोरखेडी हरेल. आणि हरलेल्या चौघांतला चमकलेला माणूस साहेबाच्या काही कामाचा नाही.

वळणावर त्यानं पाऊल सैल सोडलं.

हे फार कठीण असतं. थकल्या पायांना पळवायला वस्ताद शिकवतो. न थकलेल्या पायांना थकल्यासारखं करायला कोणी शिकवत नाही. लालसिंग धापा टाकत बाजूनं गेला, त्याच्याच डोळ्यांत नवल होतं. मैदानातून "अरेरे!" असा आवाज उठला. कोणी तरी ओरडलं, "मेला माळी! संपला!" जगदेवनं दोन हात मागं दांडी रंगरावच्या मुठीत ठेवली आणि दात खाऊन म्हणाला, "मालक, त्याची पाठ धर! फक्त पाठ!"

धरमसिंग उडाला होताच. वस्तादांनी सांगितलं तसाच, वावटळीसारखा. रंगरावच्या समोर पाठ होती, आणि मागं कोणी नव्हतं. तो पळाला. मांडवासमोर धरमसिंगच्या ढांगा लांबून वाकड्या पडायला लागल्या, मान मागं गेली. शेवटच्या टप्प्यात पाटलाचा मुलगा त्याच्या बाजूनं निघाला आणि छातीनं सूत तोडलं.

मग काय! डफ, गुलाल, पाटलांच्या डोळ्यांत पाणी. "तोरण तोडलं! माह्या पोट्ट्यानं तोरण तोडलं!" रंगरावला चौघांनी खांद्यावर घेतलं. ज्यांनी घेतलं त्यांत जगदेवही होता. उंची जुळत होती.

कप्तानसाहेब खाली आले. पहिल्यांदा रंगरावची पाठ थोपटली.

"शाबास! मैदान हाथ से गया था, तुमने बचाया। पुलिस में आओगे?"

रामराव पाटील मोठ्यानं हसले. "हुजूर, पाटलाचा मुलगा दुसऱ्याले सलाम ठोकणार? आमी मानासाठी पळतो, नवकरीसाठी नाई."

साहेबांना ते हसणं आवडलं नाही. ते वस्तादांकडे वळले. "और वो तीसरा? बहुत तेज़ निकला था। फिर ढीला क्यों पड़ गया?"

जगदेव दोन पावलांवर उभा होता. त्यानं वस्तादांच्या तोंडाकडे पाहिलं. वस्तादांनी तोंड उघडलं. शेजारी पाटील उभे होते, एक हात रंगरावच्या खांद्यावर, दुसरा मिशीवर. खरं सांगायचं म्हणजे एवढंच सांगायचं, की हे तोरण माळ्यानं पाटलाच्या मुलाच्या हातात आणून दिलं. मैदानभर लोकांसमोर, कप्तानसाहेबांसमोर.

"बोल, गुलाबराव," पाटील म्हणाले. "काहून ढिला पडला तो?"

वस्तादांची नजर जमिनीवर गेली.

"थकला, साहेब," ते म्हणाले. "सकाळचीच फेरी अंगावर होती. थकल्या पायाचं तसंच असते."

"दो चक्कर में जो थक गया, वो चोर के पीछे क्या भागेगा!" साहेब म्हणाले आणि मैदानाकडे पाहू लागले. तिकडे धरमसिंग गुडघ्यांवर हात ठेवून उभा होता. "वो लंबा आदमी। आज तीन दफ़ा दौड़ा, हारा भी तो आख़िर तक लड़ा। उसको बुलाओ।"

जिंकलेल्या गावातला एक, असं दवंडीत होतं. पण दवंडी देणारा साहेबांचाच नोकर, त्यामुळे ती मागं घ्यायलाही कोणाची हरकत नव्हती.

संध्याकाळी जगदेव बैलांना पाणी पाजत होता, तेव्हा धरमसिंग हौदावर आला. त्याच्या हातात साहेबांच्या सहीची चिठ्ठी होती; ती ओली होऊ नये म्हणून तो हात वर धरून पाणी प्याला.

"तू थांबला होता," तो जगदेवला म्हणाला.

"थकलो होतो."

"झूट नको बोलू. मी तिथंच उभा होतो ना, दांडीची वाट पाहत. थकलेल्याचे खांदे वर येतेत. तुहे खाली होते. लालसिंग गेला तवा तुह्या तोंडावर घामबी नवता." त्यानं तोंड पुसलं. "काहून थांबला बे?"

जगदेवनं बैलाच्या तोंडावरून हात फिरवला.

"साहेबाले मी सांगू शकतो," धरमसिंग हळूच म्हणाला. मग हातातल्या चिठ्ठीकडे पाहिलं. "पण नाई सांगत. माही माय तांड्यावर वाट पाहून राह्यली. राग नको मानू, भाऊ."

"कायले मानू? तुह्या जागी मीबी नसतं सांगितलं."

"वस्तादानं काहून नाई सांगितलं?"

"त्याले छप्पर पायजे."

धरमसिंग मंगरुळाच्या वाटेनं चालू लागला. पाय अजून वाकडे पडत होते, तरी चाल खुशीची होती.

बोरखेडीच्या गाड्या दिवेलागणीला सुटल्या. पाटलांची गाडी पुढं, गुलालानं माखलेली. हाकायला जगदेव, कारण पाटलांचा गडी नाचून नाचून पडला होता. वस्ताद मागच्या गाडीत बसले. त्यांनी सगळ्या वाटेत एकदाही पुढं पाहिलं नाही.

रंगराव जगदेवच्या पाठीशी उशाला लोड घेऊन पडला होता. मनानं वाईट नव्हता. एकाएकी त्याला वाटलं, बिचाऱ्याला काही तरी बोलावं.

"जगद्या, मनाले लावून घेऊ नको. मी होतो म्हणून निभावलं."

"हो, मालक."

"तुही चूक काय झाली सांगू? तू मधातच जोर लावून बसला. पुढं जायची घाई नको करत जाऊ. माह्यासारखं मागं राहून पळ." तो जरा विचारात पडला. "मागं राहाले लय धीर लागते, जगद्या. तो सगळ्यायजवळ नसते."

"नसते, मालक," जगदेव म्हणाला, आणि बैलांना चाबूक न लावता हाकत राहिला.